के-मॅपचं उत्तर जुळत नाही? आधी अक्षरं मोजा

दर सत्रात माझ्या टेबलाजवळ तेच पान येतं. मुलगा वेगळा, वही वेगळी, पण पानावर बीसीडी ते सेव्हन सेगमेंट, सेगमेंट a, चार बाय चारचा चौकोन, त्यात खोडून खोडून कागद काळवंडलेले X, आणि खाली एक समीकरण. "मॅडम, माझं उत्तर हिच्याशी जुळत नाही. कुणाचं चुकलं?"

मी म्हापशाकडच्या एका पॉलिटेक्निकच्या डिजिटल लॅबमध्ये शिकवते. डिचोली, पेडणे, वाळपईहून बस बदलत येणारी ही मुलं हुशार आहेत आणि के-मॅपची रीत त्यांना पाठ असते. तरी त्याच चार-पाच जागी गाडी अडते, कारण X आला की हात डगमगतो. एकच दोष इतक्या वेळा दुरुस्त केल्यावर एक गोष्ट लक्षात आली: चुकलेलं उत्तर आपली चूक स्वतःच सांगतं. त्यातली अक्षरं मोजली की कुठे पाहायचं ते बहुतेक वेळा कळतं. तीच पद्धत इथे सविस्तर लिहिते.

लक्षणं

पहिलं लक्षण: उत्तर किटवर चालतं, पण लांब आहे. शेजारणीचं सात अक्षरांत संपलं आणि तुमचं आठ, नऊ किंवा बारावर गेलं. अक्षर म्हणजे समीकरणात जितक्या वेळा A, B, C, D येतात तितकी. वर कॉमा असो वा नसो, प्रत्येक वेळ एक धरायची. BD म्हणजे दोन, A'B'D' म्हणजे तीन.

दुसरं: किटवर एखाद-दुसराच आकडा बिघडतो. 7 चा 1 दिसतो, किंवा 0 ला वरची पट्टी नाही.

तिसरं: सगळंच उलटं. जिथे पट्टी पेटायला हवी तिथे विझते आणि विझायला हवी तिथे पेटते.

चौथं: उत्तर वेगळं आहे, पण लांबी तेवढीच आणि किटवर सगळे आकडे बरोबर. यात दोष नसतो, पण रडू सगळ्यांत जास्त याच लक्षणाने येतं, म्हणून त्याच्याकडेही वळेन.

आपण धरलेलं उदाहरण

चार इनपुट A, B, C, D. त्यात A सगळ्यांत मोठ्या किमतीचा, म्हणजे 8 चा. इनपुटवर ० ते ९ एवढेच आकडे येणार. १० ते १५ येणारच नाहीत, म्हणून त्या सहा ठिकाणी आउटपुट काय याची पर्वा नाही. ते आपले डोन्ट केअर. सेगमेंट a म्हणजे डिस्प्लेची वरची आडवी पट्टी. ती ०, २, ३, ५, ७, ८, ९ ला पेटते आणि १, ४, ६ ला विझते. मॅप असा होतो:

```
          CD
AB     00   01   11   10
00      1    0    1    1
01      0    1    1    0
11      X    X    X    X
10      1    1    X    X
```

आणि याचं सर्वांत लहान सम ऑफ प्रॉडक्ट्स:

```
a = A + B'D' + BD + CD
```

अक्षरं सात. आता तुमचं उत्तर यापेक्षा वेगळं असेल तर खालच्या तपासण्या क्रमाने करा. क्रम सोडू नका. पहिल्या दोन-तीन तपासण्यांना फक्त डोळे लागतात, शेवटच्या तपासणीला अख्खी दुपार जाते.

तपासणी १: तुमचा 6 कसा दिसतो?

अक्षरं सहाच आली आणि उत्तर `A + C + BD + B'D'` असेल, तर मॅप सोडवण्यात काही चुकलेलं नाही. तुम्ही वेगळा प्रश्न सोडवलात. 6 हा आकडा दोन प्रकारे काढतात: वरची पट्टी घेऊन, किंवा ती सोडून. आमच्या लॅबमधली मुलं पहिल्याला शेपटीचा 6 म्हणतात. 7447 हा डिकोडर बिनशेपटीचा 6 दाखवतो, त्यामुळे त्याच्या आकड्यांच्या आकारांवरून टेबल लिहिलं तर ६ च्या घरात ० येतो. कुणी घड्याळात किंवा कॅल्क्युलेटरवर पाहिलेला 6 डोळ्यांसमोर ठेवून टेबल लिहिलं, तर तिथे १ येतो. मग C ची आठही घरं, म्हणजे २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५, एका गटात बसतात आणि उत्तर एका अक्षराने आणखी लहान होतं.

दोघींची उत्तरं जुळत नसतील तर आधी दोघींच्या ट्रुथ टेबलमधली ६ ची ओळ शेजारी शेजारी धरा. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

याच वेळी डिस्प्ले कॉमन कॅथोड आहे की कॉमन अ‍ॅनोड तेही पाहून घ्या. आपल्या समीकरणात १ म्हणजे पट्टी पेटली, आणि ते कॉमन कॅथोडला सरळ चालतं. कॉमन अ‍ॅनोडमध्ये पट्टी पेटवायला तिची पिन ० वर खेचावी लागते. म्हणून वरची पट्टी नेमकी १, ४ आणि ६ ला पेटत असेल आणि बाकी सगळीकडे विझत असेल, तर समीकरण बरोबर आहे. डिस्प्ले दुसऱ्या जातीचा आहे. डिस्प्ले बदला किंवा आउटपुटला एक नॉट गेट लावा. मॅप पुन्हा काढत बसू नका.

तपासणी २: सोळा भरतात का?

मॅपमधले १ मोजा, ० मोजा, X मोजा. सात, तीन आणि सहा, बेरीज सोळा. बेरीज कमी भरली तर एखादं घर रिकामं राहिलंय, आणि रिकामं घर मनातल्या मनात ० होतं.

बारा अक्षरांचं उत्तर इथूनच येतं. मुलं १ आणि ० भरतात, उरलेली सहा घरं "नंतर बघू" म्हणून मोकळी ठेवतात आणि गट करताना त्यांच्याकडे पाहतच नाहीत. सहाही X शून्य धरून हाच प्रश्न सोडवला, तर चार टर्म येतात आणि प्रत्येकीत तीन अक्षरं:

```
a = AB'C' + A'BD + A'B'D' + A'CD
```

हे चूक नाही, ० ते ९ साठी बरोबर चालतं. पण ते बांधायला तीन इनपुटांची चार अँड गेटं लागतात. 7411 मध्ये ती तीनच असतात, म्हणजे एका गेटसाठी दुसरी आयसी. सात अक्षरांच्या उत्तराला दोन इनपुटांची तीन अँड गेटं पुरतात आणि ती एका 7408 मध्ये मावतात. X ने काय मिळालं, ते ब्रेडबोर्डावर असं हातात धरता येतं.

X भरताना पेनाने ठसठशीत X काढा. बारीक पेन्सिलीचा X खोडरबराच्या डागात हरवतो आणि तुम्हीच तो दहा मिनिटांनी ० म्हणून वाचता. मी हे इतक्या वह्यांत पाहिलंय की आता X साठी लाल पेन सक्तीचं केलंय.

तपासणी ३: वरच्या ओळीत ०० ०१ ११ १० आहे ना?

किटवर 7 चा 1 दिसतोय आणि त्याच वेळी 6 ला शेपटी आली आहे? मग दुसरं काही तपासायच्या आधी मॅपच्या डोक्यावरचे आकडे आणि घरं भरण्याचा क्रम पाहा. मॅपवर ०० ०१ ११ १० बरोबर छापलेलं असतं, पण हात सवयीने डावीकडून उजवीकडे ४, ५, ६, ७ असं भरत जातो. तिसऱ्या घरात ६ ची किंमत जाते आणि चौथ्यात ७ ची. म्हणजे सातच्या घरात ० आणि सहाच्या घरात १. सातची वरची पट्टी गेली की उरतात उजवीकडच्या दोन उभ्या पट्ट्या, आणि तो 1 दिसतो.

पहिल्या ओळीत हीच चूक दिसत नाही, कारण २ आणि ३ या दोन्ही घरांत १ च आहे. उभ्या बाजूची तीच चूक, म्हणजे ८ ते ११ ची ओळ तिसऱ्या जागी भरणं, सेगमेंट a मध्ये पूर्ण लपते. खालच्या दोन्ही ओळींत १ आणि X शिवाय काही नाही. ती दुसऱ्या सेगमेंटमध्ये उघडी पडते. सेगमेंट e ०, २, ६, ८ ला पेटतो आणि त्याचं उत्तर `B'D' + CD'` एवढंच आहे. ओळी चुकलेल्या वहीत त्याला एक AD' चिकटलेलं असतं. तेव्हा a बरोबर आला म्हणून मॅप नीट भरलाय असं समजू नका.

हा क्रम असा वाकडा का, हे समजलं की चूक कमी होते. व्हीच यांनी १९५२ मध्ये असा तक्ता मांडला होता, आणि कार्नॉ यांनी १९५३ मध्ये त्यातल्या घरांचा क्रम बदलला. नव्या क्रमात शेजारच्या घरात जाताना एकच अक्षर बदलतं. ०१ नंतर १० लिहिलं तर एका पावलात दोन अक्षरं बदलतात, आणि मग शेजारी असूनही त्या दोन घरांमधून कुठलंच अक्षर गळत नाही. संपूर्ण रीत या एका गोष्टीवर उभी आहे: एकच अक्षर बदलतं, म्हणून ते उडवता येतं.

तपासणी ४: गट मोठ्यात मोठा आहे का?

आठ अक्षरं आली असतील तर मी दोन जागा पाहते.

पहिली जागा A. समीकरणात A एकटा न येता AB' असा आला असेल, तर तुम्ही शेवटच्या ओळीची चार घरं घेतलीत आणि थांबलात. तिसरी ओळ सगळी X आहे. ती जोडली की खालच्या दोन ओळींचा आठाचा गट होतो आणि B' उडतो. मुलं इथे बिचकतात. "मॅडम, त्या ओळीत एकही १ नाही, ती कशी घ्यायची?" घ्यायची, कारण ती घेतल्याने ८ आणि ९ या खऱ्या एकांचा गट मोठा होतोय. X चा उपयोग एवढाच: खऱ्या १ ला हात देऊन गट वाढवणं.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्या गटात सगळे X च आहेत, एकही १ नाही, तो गट करायचा नाही. सेगमेंट e मध्ये तिसरी ओळ चार X ची दिसते, मोह होतो, आणि उत्तरात AB येऊन बसतं. त्या AB ने कुठलाच १ झाकला नाही. एक गेट फुकट गेलं.

आठ अक्षरांची दुसरी जागा म्हणजे चार कोपरे. ०, २, ८, १० ही घरं कागदावर एकमेकांपासून सगळ्यांत लांब, पण मॅपची डावी कड उजव्या कडेला आणि वरची खालच्या कडेला चिकटलेली आहे. तुमच्या उत्तरात A'B'D' किंवा B'C'D' अशी तीन अक्षरांची टर्म असेल, तर कोपऱ्यांची चौकट अर्धीच पकडली गेली. पहिल्यात वरचे दोन कोपरे घेतलेत, दुसऱ्यात डावीकडचे दोन. १० च्या घरातला X घेऊन चारही जोडा, B'D' उरतं.

कोपरे दिसत नसतील तर मी मुलांना मॅप वेगळ्या कागदावर काढून तो गोल गुंडाळायला सांगते. आधी आडवा, मग उभा. एकदा हाताने केलं की परत सांगावं लागत नाही.

गट तपासायचा साधा हिशोब लक्षात ठेवा. चार इनपुटांच्या मॅपमध्ये दोनाच्या गटातून एक अक्षर गळतं आणि तीन उरतात. चाराच्या गटातून दोन गळतात, दोन उरतात. आठाच्या गटात एकच अक्षर उरतं. चार घरं घेऊन तीन अक्षरांची टर्म लिहिली असेल, तर वाचताना चूक झाली. तीन किंवा सहा घरांचा गट असेल, तर तो गटच नाही.

तपासणी ५: प्रत्येक टर्मला स्वतःचा १ आहे का?

नऊ अक्षरं, पाच टर्म: `A + B'D' + BD + CD + B'C`. हे उत्तर मेहनती मुलांचं असतं. त्यांनी मॅपमधला मोठ्यात मोठा प्रत्येक गट शोधला, एकही सोडला नाही, आणि सगळे लिहिले. अशा गटांना प्राइम इम्प्लिकंट म्हणतात, आणि या मॅपमध्ये ते बरोबर पाच आहेत. पण सगळे शोधणं आणि सगळे वापरणं यात फरक आहे.

निवड करताना गटांकडे न पाहता एकेका १ कडे पाहा आणि त्याला विचारा, तुला झाकणारे किती गट आहेत? X ला विचारायचं नाही, त्याला झाकणं आपल्यावर बंधनकारक नाही.

९ च्या घराला झाकणारा गट एकच, A. म्हणून A घ्यावाच लागतो. ५ च्या घराच्या शेजारी १ आणि ४ या घरांत शून्य आहेत, त्याला वाचवणारा फक्त BD. ० च्या घराला फक्त चार कोपऱ्यांचा B'D'. हे तीन अटळ. ते घेतले की काय काय झाकलं गेलं त्यावर टिंबं द्या: ८ आणि ९ A मध्ये, ५ आणि ७ BD मध्ये, ० आणि २ B'D' मध्ये. सातपैकी सहा १ झाकले गेले. उरला एकटा ३.

३ ला झाकणारे दोन गट आहेत: CD, ज्यात ३, ७, ११, १५ येतात, आणि B'C, ज्यात २, ३, १०, ११ येतात. दोन्ही चाराचे, दोन्ही दोन अक्षरांचे. यातला एक घ्यायचा. दोन्ही घेतले की नऊ अक्षरं.

तयार उत्तर तपासायचं असेल तर उलट जा. एका टर्मवर बोट ठेवून ती झाका आणि विचारा, आता कुठला १ उघडा पडला? कुठलाच पडत नसेल तर ती टर्म काढून टाका, मग पुढच्या टर्मकडे वळा. एका वेळी एकच टर्म काढायची. वरच्या पाचांत CD झाकली तरी काही उघडं पडत नाही आणि B'C झाकली तरी नाही. पण दोन्ही एकदम काढल्या तर ३ उघडा पडतो.

चौथं लक्षण: दोन उत्तरं, दोन्ही बरोबर

```
a = A + B'D' + BD + CD
a = A + B'D' + BD + B'C
```

दोन्हींत चार टर्म, सात अक्षरं. दोन्ही सर्वांत लहान आहेत. गेल्या पावसाळ्यात, लाईट गेलेली असताना, खिडकीच्या उजेडात दोन मैत्रिणी याच दोन ओळींवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या, कारण एकीला वर्गातल्या फळ्यावरचं उत्तर मिळालं होतं आणि दुसरीला नव्हतं. मी दोघींना ३ चं घर दाखवलं आणि दोघींना पूर्ण गुण दिले. पेपर तपासणाऱ्यांनाही माझी विनंती आहे की उत्तरपत्रिकेतली ओळ शोधण्याआधी टर्म आणि अक्षरं मोजावीत.

इथे आणखी एक गोष्ट खरी आहे: ही दोन सर्किटं सोळाही इनपुटांवर सारखंच वागतात, कारण सहाही X A च्या गटात गेल्यामुळे १ झाले. दुसऱ्या प्रश्नात असं होईलच असं नाही. दोन मिनिमल उत्तरांनी X ना वेगवेगळ्या किमती दिल्या असतील, तर ती X वर वेगळी वागतील आणि तरी दोन्ही बरोबरच असतील.

कुठलं बांधायचं? मी CD घेते. त्याला नॉट गेटची तार ओढावी लागत नाही.

तपासणी ६: कागदावर बरोबर, किटवर चूक

समीकरणात आधी १, ४ आणि ६ टाका, कारण तिथे ० यायलाच हवा आणि चारही टर्म शून्य व्हायला हव्यात. उदाहरणार्थ ६ म्हणजे 0110: A शून्य, B' शून्य म्हणून B'D' शून्य, D शून्य म्हणून BD आणि CD दोन्ही शून्य. मग उरलेले सात आकडे टाका, तिथे एखादी टर्म तरी १ यायला हवी. दहाही ओळी जमल्या की मॅपची वही मिटा. आता दोष तारेत आहे.

टीटीएल आयसीचं सुटलेलं इनपुट १ सारखं वागतं, हे विसरू नका. D ची तार ब्रेडबोर्डाच्या भोकात अर्धवट बसली असेल, तर सर्किटला D कायम १ वाटतो. मग ० ला १ समजलं जातं आणि त्याची वरची पट्टी विझते. ४ ला ५ आणि ६ ला ७ समजलं जातं आणि त्यांची पट्टी पेटते. ०, ४ आणि ६ हे तिघे एकदम चुकले की मी मॅपकडे न पाहता D ची तार दाबते. आपल्याकडच्या दमट हवेत तारांची टोकं काळी पडतात, तेव्हा दाबून जमलं नाही तर टोक कापून नवीन सोला.

एखादी आयसी बोट ठेवता येणार नाही इतकी तापली, तर किटचा स्विच बंद करा आणि लॅबमधल्या शिक्षकांना बोलवा. बहुतेक वेळा 5 व्होल्ट आणि ग्राउंड उलटे लागलेले असतात. तशीच चालू ठेवून मोजमाप करू नका.

कधी थांबायचं

इनपुट चारपेक्षा जास्त झाले की मी हाताने करणं आवरतं घेते. पाच इनपुटांना सोळा घरांचे दोन मॅप एकावर एक ठेवल्याची कल्पना करावी लागते, ते जमतं. सहाला चौसष्ट घरं होतात आणि शेजारी कोण हेच डोळ्यांना नीट दिसत नाही. तिथे क्वाइन-मॅक्लस्की यांची तक्त्यांची रीत घ्या किंवा Espresso सारखा प्रोग्राम. प्रोग्रामने दिलेलं उत्तर चांगलं असतं, पण Espresso ची नेहमीची रीत अंदाजाने पुढे जाणारी आहे. दर वेळी ते सर्वांत लहानच असेल याची हमी ती देत नाही.

थांबायची दुसरी जागा जास्त गंभीर आहे. X हा "येणार नाही" असा आपला शब्द असतो. तो शब्द कुणी पाळायचा, हे विचारल्याशिवाय X लिहू नका.

माझ्या दादाच्या डिचोलीच्या घरी विहिरीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर आहे. टाकीत दोन फ्लोट: वरचा A, खालचा B, पाणी पोचलं की १. D म्हणजे मोटर आत्ता चालू आहे. टाकी रिकामी तर मोटर चालू, भरली तर बंद, मधे असेल तर जे चाललंय ते तसंच. वरचा फ्लोट ओला आणि खालचा कोरडा हे घडू शकत नाही, म्हणून A=1, B=0 ची दोन्ही घरं मी X केली. उत्तर सुंदर आलं:

```
मोटर = B' + A'D
```

त्या पावसाळ्यात खालच्या फ्लोटची तार गंजून तुटली, आणि त्या जोडणीत तुटलेली तार ० वाचली जात होती. टाकी भरली, A झाला १, पण B शून्यच. जे येणार नव्हतं ते आलं. B' मुळे मोटर चालूच राहिली, रात्रभर पाणी चिऱ्याच्या भिंतीवरून उतरलं आणि सकाळी वहिनीने फोन केला. चूक माझी होती. ती दोन घरं ० धरली तर उत्तर एका अक्षराने वाढतं, एवढंच:

```
मोटर = A'B' + A'D
```

आता A १ झाला की दोन्ही टर्म शून्य होतात, B काहीही सांगो. डिस्प्लेवर X बिघडला तर एक वेडावाकडा आकडा दिसतो आणि रिसेट दाबून काम भागतं. मोटर, हीटर किंवा लिफ्ट असेल तर प्रत्येक X ला आधी विचारा: तार तुटली, फ्लोट अडकला तर हे घर येईल का? येत असेल तर तो X नाही. तिथे सुरक्षित किंमत लिहा आणि मगच गट करा.

आणि मोटरच्या बाजूला स्वतः हात घालू नका. फ्लोटच्या तारा आणि रिलेची 5 व्होल्टची बाजू तुम्ही तपासा. रिलेच्या पलीकडे 230 व्होल्ट आहेत. स्टार्टरचं झाकण परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियननेच उघडायचं. दादाकडेही नवीन समीकरण मी कागदावर लिहून दिलं, ब्रेडबोर्डावर आठही ओळी चालवून दाखवल्या, आणि पुढची जोडणी वायरमनने मेन स्विच खाली करून केली.